जवळच्या मैत्रिणीच्या मनात ‘तसं’ काही आहे का? विचारण्याआधी, विचारताना आणि विचारल्यानंतर

या बाबतीत बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी घसरते. आधी महिनोन्महिने खुणा गोळा करायच्या, मग एखाद्या कॉमन मैत्रिणीकडे मन मोकळं करायचं आणि शेवटी रात्री दीड वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहून टाकायचं. खुणांवरून नक्की काही ठरत नाही, कॉमन मैत्रिणीच्या पोटात गोष्ट राहत नाही आणि लिहिलेला मेसेज पुढे कोणाच्या हाती जाईल यावर आपला ताबा नसतो. चूक क्रमात आहे. इथे तो क्रमच दिला आहे.

उदाहरणासाठी एक परिस्थिती धरू, नावं मानलेली आहेत. स्नेहल आणि ऋतुजा, दोघी तेवीस वर्षांच्या. एक वाशिमकडची, एक औशाची. दोघी पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. एका खोलीत तीन कॉट, तिसरीवर मीनल. खाली घरमालक काकू राहतात, अभ्यासिका शास्त्री रोडला, मेस एकच. गावाकडची निदान चार मुलं-मुली त्याच गल्लीत आहेत, त्यामुळे इथे बोललेलं तिकडे पोचायला एक फोन पुरतो. ऋतुजाच्या मनात आपल्याबद्दल मैत्रीपेक्षा जास्त काही आहे का, हा प्रश्न स्नेहलला पडला आहे.

मुलांच्या बाबतीत क्रम हाच राहतो. फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. एक अट मात्र सगळ्यांना लागू आहे: दोघंही अठरा वर्षं पूर्ण झालेले हवेत. त्याखालच्या वयात पॉक्सो कायदा लागतो, आणि तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

## १. आधी स्वतःचं ठरवा

‘तिला मी आवडते का?’ या एका प्रश्नाखाली तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि तिघांची वाट वेगळी आहे.

पहिला: मला ती आवडते, तिचं काय ते कळत नाही. दुसरा: मला तसं काही वाटत नाही, पण तिला वाटत असावं आणि त्याने मी अवघडते. तिसरा: मला काय वाटतं तेच मला नक्की माहीत नाही.

तुम्ही तिसऱ्यात असाल तर तिला काहीही विचारू नका. तिने ‘हो’ म्हटलं तर काय करणार, याचं उत्तर तुमच्याकडेच नाही आणि अशा वेळी घेतलेला होकार तिला फार महाग पडतो. स्वतःला एक साधा प्रश्न विचारा: उद्या तिने दुसऱ्याच कोणावर, मुलावर किंवा मुलीवर, प्रेम असल्याचं सांगितलं तर पोटात काय होईल? मैत्रीण दुरावेल याची हुरहूर सगळ्यांनाच लागते. ‘त्या माणसाच्या जागी मी का नाही’ असं वाटलं, तर तुम्ही पहिल्या प्रकारात आहात.

दुसऱ्या प्रकारात असाल तर पुढचे खुणांचे आणि चाचपणीचे टप्पे सोडा आणि पाचव्या टप्प्याच्या शेवटी दिलेला भाग वाचा. तिचं गुपित उकरून काढणं हे तुमचं काम नाही. तुम्हाला फक्त स्वतःची मर्यादा सांगायची आहे.

## २. गोष्ट बिघडलीच तर झोपणार कुठे?

हा टप्पा रुक्ष आहे म्हणून लोक तो गाळतात, आणि नंतर याच्याच अभावी अडकतात. विचारण्याआधी चार गोष्टी जागेवर हव्यात.

जागा. खोलीचा करार किंवा डिपॉझिट कोणाच्या नावावर आहे ते पाहा. शहरात लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि नोटीस किती दिवसांची ते त्यात लिहिलेलं असतं. पीजीमध्ये अनेकदा कागदच नसतो, निदान डिपॉझिट दिल्याची पावती किंवा यूपीआयची नोंद तरी जपून ठेवा. भाडेकरूला त्याच्या लैंगिकतेवरून बाहेर काढायला खासगी घरमालकाला थेट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. काकूंच्या कानावर गेलं तर ‘पुढच्या महिन्यात खोली रिकामी करा’ हे ऐकावं लागू शकतं, हे धरूनच चाला. दोन-चार रात्री काढता येतील अशी, दोघींच्या गोतावळ्याबाहेरची एक जागा आधी हेरून ठेवा.

पैसे. एका महिन्याचं भाडं, मेस आणि गावाबाहेर जाण्याच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात हवेत. खातं वडिलांसोबत जॉइंट असेल, तर घरी बिनसल्यावर सगळ्यात आधी तेच बंद होतं. आधार आणि गुणपत्रिकांच्या मूळ प्रती गावी कपाटात पडल्या असतील, तर पुढच्या फेरीत घेऊन या. स्पर्धा परीक्षेला त्या लागतातच, त्यामुळे घरी कारण सांगायला अडचण नाही.

फोन. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून पाहा. अभ्यासिकेतल्या किंवा भावाच्या लॅपटॉपवर कधीतरी उघडलेलं खातं तसंच चालू राहिलेलं असतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. डिसअपिअरिंग मेसेजवर मात्र विसंबू नका: मेसेज नाहीसा होण्याआधी काढलेला स्क्रीनशॉट तसाच राहतो.

वेळ. दोघींपैकी कोणाचीही परीक्षा तीन आठवड्यांच्या आत असेल, किंवा तिच्यासाठी स्थळ पाहायला मंडळी येणार असतील, तर थांबा. अशा दिवसांत मिळालेलं उत्तर, होकार असो की नकार, ताणातून आलेलं असतं.

सावधान: मनातलं मोकळं करायला वही लिहायची असेल तर ती खोलीत ठेवू नका. तीन कॉटच्या खोलीत खासगी कप्पा नसतो.

## ३. खुणा: कोणत्या मोजायच्या, कोणत्या सोडायच्या

चुकीचे अर्थ सगळ्यात जास्त इथेच लागतात. कारण इंटरनेटवर ज्या याद्या फिरतात त्या अशा समाजांतल्या आहेत, जिथे मैत्रिणी एकमेकींना फारसा स्पर्श करत नाहीत. आपल्याकडे तसं नाही. एकमेकींच्या डोक्याला तेल लावणं, एका गोधडीत झोपणं, हात धरून रस्ता ओलांडणं, एका ताटात जेवणं, ‘जानू’, ‘माझी बायको’ म्हणणं, डीपीला दोघींचा फोटो लावणं, वाढदिवसाला रात्री बाराला केक आणणं: हे सगळं निव्वळ मैत्रीत होतं. मुलांमध्येही खांद्यावर हात टाकून फिरणं, मांडीवर डोकं ठेवून पडणं नेहमीचंच आहे. यातलं काहीही एकटं मोजू नका.

मोजायचा तो फरक. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न: ती हे इतरांशीही करते का? स्नेहलच्या खोलीत मीनल आहे हे इथे कामाला येतं. ऋतुजा दोघींच्याही वाटणीची भाजी डब्यातून काढून ठेवत असेल, तर तो तिचा स्वभाव आहे. मीनल उशिरा आली तर ‘खाल्लंस का?’ एवढंच विचारून झोपते, पण स्नेहलला उशीर झाला की दिवा लावून वाचत बसल्याचं दाखवते आणि वहीचं पान तेच राहतं, तर ती नोंद घेण्याजोगी बाब आहे.

दुसरा प्रश्न: कोणी पाहत नसताना काय होतं? चारचौघांत ‘माझी बायको’ म्हणून केलेली चेष्टा ही बघणाऱ्यांसाठी असते. खरं काही असेल तर उलटं घडतं. लोकांत ती जपून वागते आणि दोघीच असल्या की बोलणं मऊ होतं, लांबतं. मीनल आत आली की वाक्य अर्ध्यात तुटतं.

तिसरा प्रश्न: गेल्या काही महिन्यांत काय बदललं? इथे बहुतेकांचा अंदाज नेमका उलटा पडतो. ज्याच्या मनात काही येतं, त्याचा स्पर्श अनेकदा वाढत नाही, कमी होतो. आधी बिनधास्त गळ्यात पडणारी ऋतुजा आता तेल लावायला बसत नाही, कपडे बदलताना पाठ फिरवते किंवा बाथरूममध्ये जाते, एका कॉटवर बसली तरी मध्ये उशी ठेवते. स्नेहल याला ‘ती माझ्यावर नाराज आहे’ असं समजते. नाराजीही असू शकते. पण नाराज माणूस बोलणंही कमी करतो. स्पर्श घटला आणि बोलणं, लक्ष ठेवणं, आठवण ठेवणं वाढलं, तर ती नाराजी नसावी.

आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे: लग्नाचा विषय. स्नेहलच्या घरून स्थळाचा फोन आला की ऋतुजा काय करते? मैत्रीण चिडवते, मुलाचा फोटो मागते, पगार विचारते. जिच्या मनात दुसरं काही आहे ती गप्प होते, उठून जाते, किंवा मुलात खोट काढते आणि थोड्या वेळाने ‘तुझं तू बघ’ म्हणून विषय संपवते. पण इथेही घाई नको. स्वतःचं लग्न घरच्यांनी रेटायला घेतलंय, म्हणूनही ती गप्प होत असेल.

तपासा: प्रत्येक खुणेला दोन साधी कारणं शोधून पाहा. ‘दसऱ्याला घरी गेली नाही, माझ्यासोबत थांबली.’ परीक्षा जवळ होती का? घरी वाद होता का? बसला गर्दी होती का? साधं कारण बसत असेल तर खूण बाद. असं करूनही वेगवेगळ्या प्रकारच्या तीन-चार खुणा उरल्या, तर पुढे जायला आधार आहे. शून्य उरल्या तरी तुमच्या भावना खोट्या ठरत नाहीत. एवढंच, की तिच्याकडून काही सुचवलं गेलेलं नाही हे मनाशी धरून पुढचं ठरवायचं.

सावधान: निरीक्षणाला तीन आठवड्यांची मुदत घाला. त्यापुढे नवीन काही कळत नाही, जुनंच चघळलं जातं. आणि परीक्षा पाहू नका: तिला जळवायला मुद्दाम एखाद्या मुलाचं नाव घेणं, दोन दिवस न बोलून बघणं, झोपेत हात टाकून पाहणं. पहिल्या दोन गोष्टींत ती दुखावते आणि तिने काय केलं त्याचा अर्थ तरीही लागत नाही. तिसऱ्यात तर तिच्या संमतीशिवाय स्पर्श आहे, तो मुळातच चूक.

तिचा फोन, गॅलरी, सर्च हिस्टरी पाहणं याबद्दल वेगळं सांगायला नको. सापडलं तरी ते वापरता येत नाही आणि कळलं तर पुढचं सगळं संपतं.

## ४. विषयाची चाचपणी

आता तिच्या भावना बाजूला ठेवून एक वेगळी गोष्ट पाहायची आहे: हा विषय तिच्यासमोर काढणं सुरक्षित आहे का? मैत्रीण म्हणून ती कितीही चांगली असली, तरी या विषयावर तिचं मत काय हे तुम्हाला माहीत नसतं.

स्पर्धा परीक्षेच्या मुलींना हे सोपं आहे, कारण विषय अभ्यासक्रमातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात मात्र समलिंगी विवाहाचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. राज्यघटनेचा पेपर वाचताना ‘या निकालावर प्रश्न येईल का गं?’ एवढं पुरतं. परीक्षा देत नसाल तर एखादी बातमी किंवा मालिकेतलं पात्र चालेल.

विषय दोनदा काढा, मध्ये आठवडाभर जाऊ द्या आणि दोन्ही वेळा तिसरं कोणी नसताना काढा. मीनलसमोर काढलात तर ऋतुजा मीनलला पटेल असं बोलेल. अनेक जण स्वतःवर संशय येऊ नये म्हणून चारचौघांत सगळ्यात कडवट बोलतात. मुलांच्या होस्टेलमध्ये तर ‘गे’ हा शब्द दिवसातून दहा वेळा चेष्टेत फिरतो, त्यात सामील होण्यावरून कोणाचंही मन कळत नाही.

ऐकताना पाहायचं ते असं. ‘ज्याचं त्याचं आयुष्य’ हे सभ्य उत्तर आहे, त्यात दार उघडंही नाही आणि बंदही नाही. ‘घरच्यांना कळलं तर काय होत असेल बिचारीचं’ असं ती म्हणाली, तर ती त्या जागी उभी राहून विचार करू शकते. तिनेच दोन दिवसांनी विषय परत काढला तर ती चांगली खूण, कारण मधल्या वेळात तो तिच्या डोक्यात होता. ‘असल्यांना ठोकून काढलं पाहिजे’ असं दोन्ही वेळा, एकांतात, तावातावाने आलं तर इथेच थांबा. त्यामागे तिची स्वतःची भीतीही असू शकेल, पण ती पारखायची जोखीम तुम्ही एका खोलीत राहून घेऊ नये.

या बोलण्यात स्वतःबद्दल थोडं सांगायचं असेल तर मराठीत सोय आहे. ‘मला कुणीतरी आवडतं’ या वाक्यात तो की ती हे उघड होत नाही. तीही तिच्या ‘कुणीतरी’बद्दल बोलताना सतत ‘आवडतं’, ‘भेटतं’ असंच म्हणत राहिली आणि ‘तो’ एकदाही आला नाही, तर ते लक्षात ठेवा. खोदून विचारू नका.

तपासा: अजूनपर्यंत हे कोणाला सांगितलंय का? कॉमन मैत्रिणीला सांगितलं असेल तर चाचपणी संपली, आता गोष्ट तिच्या तोंडून पोचायच्या आत पुढचा टप्पा घ्या. सांगितलं नसेल तर सांगू नका. बोलण्यासाठी माणूस हवं असेल तर ते या गल्लीबाहेरचं असू द्या. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आणि पुण्यातला समपथिक ट्रस्ट याच विषयातल्या संस्था आहेत.

## ५. विचारणं

कुठे. खोलीत नाही. तिथून तिला उठून जाता येत नाही, आणि भिंतीपलीकडे कान असतात. अमृततुल्यमध्येही नाही, तिथे शेजारच्या बाकावर अभ्यासिकेतलंच कोणीतरी बसलेलं असतं. झेड ब्रिज तर नकोच, तिथे बसलेल्याकडे येणारा-जाणारा वळून पाहतो. तळजाई किंवा पर्वतीसारखी जागा बरी: सकाळी माणसांची ये-जा असते, त्यामुळे सुरक्षित, आणि चालताना बोलणं कोणाच्या कानावर जात नाही. शेजारी-शेजारी चालताना एकमेकींच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही, याचा मोठा आधार होतो. उतरताना विचारा, चढताना नाही: अवघड झालं तर रस्ता संपत आलेला असतो.

केव्हा. दिवसा, सुट्टीच्या दिवशी, दोघींची झोप झालेली असताना. तिला त्यानंतर चार-पाच तास एकटीने काढता येतील असं पाहा. गावी निघायच्या आदल्या रात्री विचारणं ही नेहमीची चूक आहे. माणूस तेच ओझं घेऊन घरच्यांसमोर जाऊन बसतं.

काय. आधी आपलं सांगायचं, मग तिचं विचारायचं. ‘तू लेस्बियन आहेस का?’ किंवा ‘तुला मी आवडते ना?’ हे प्रश्न आरोपासारखे लागतात आणि घाबरलेलं माणूस आरोप नाकारतंच. शिवाय ते उत्तर अनेकदा तिच्याकडेही तयार नसतं. आपण आधी बोललो की जोखीम आपण उचलतो, आणि तिला खरं बोलायला जागा मिळते. शब्द साधारण असे:

‘ऋतू, एक बोलायचंय. उत्तर आज नाही दिलंस तरी चालेल. गेले काही महिने मला तू मैत्रिणीपेक्षा जास्त आवडायला लागली आहेस. तुझ्या मनात तसं काही आहे का, की मीच उगाच अर्थ लावतेय? तसं नसेल तर नाही म्हण, मी समजून घेईन. काहीही असलं तरी हे आपल्या दोघींतच राहू दे.’

यात चार गोष्टी आहेत: वेळेची मोकळीक, स्वतःची कबुली, सहज ‘नाही’ म्हणता येईल अशी वाट आणि गोष्ट बाहेर न जाऊ देण्याची विनंती. एकही गाळू नका आणि पाचवी घालू नका. ‘तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही’, ‘तू नाही म्हणालीस तर खोली सोडेन’ असली वाक्यं दबाव टाकतात. तिने दबावाखाली दिलेला होकार आठवडाभरही टिकत नाही. तिने दाखवलेल्या खुणांची यादीही वाचून दाखवू नका. आपल्यावर इतके दिवस नजर होती, हे ऐकून कोणीही आक्रसतं.

बोलताना हात धरू नका. बोलून झालं की थांबा. शांतता लांबते, ती भरून काढायला लोक ‘जाऊ दे, गंमत केली’ म्हणतात आणि मग खरं उत्तर कधीच येत नाही.

सावधान: धीर होत नाही म्हणून लिहून पाठवायचंच असेल, तर मेसेजमध्ये एवढंच लिहा: ‘रविवारी सकाळी तळजाईला जाऊ, थोडं बोलायचंय.’ बाकी तोंडी.

तुम्हाला तसं वाटत नसेल तर. तिने काही बोललंच नसेल तर तिच्या तोंडून वदवून घेऊ नका. ज्या गोष्टीने अवघडता तेवढीच सांगा: ‘मला एका कॉटवर झोपायला नको वाटतं, झोप लागत नाही.’ कारण देण्याची गरज नाही. तिने स्वतः सांगितलं तर: ‘सांगितलंस ते बरं केलंस. माझ्या मनात तसं नाही, मला तू मैत्रीण म्हणूनच हवी आहेस. हे माझ्याकडून कुठे जाणार नाही.’ ‘हे नॉर्मल नाही’, ‘लग्न झालं की जाईल’, ‘डॉक्टरला दाखव’ हे तिघांपैकी एकही वाक्य नको. समलैंगिकता हा आजार नाही, आणि तो ‘बरा’ करण्याचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

## ६. उत्तर कसं घ्यायचं

‘नाही.’ ‘बरं, कळलं’ म्हणा आणि त्या दिवशी विषय संपवा. ‘का?’ विचारू नका. पुन्हा कधीही, सूचकपणेही, विचारू नका. नंतर वेळ बदलली तर बोलण्याची पाळी तिची.

‘माहीत नाही.’ हे बहुतेकदा खरं असतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हे शब्द तिच्यासमोर उच्चारलेले असतात. ‘तुला बोलावंसं वाटलं की बोल’ म्हणा आणि महिनाभर स्वतःहून काढू नका. महिन्यानंतरही ती गप्प असेल तर ते ‘नाही’ समजून वागा. मधल्या काळात पूर्वीपेक्षा जास्त जवळीक करू नका.

चिडणं किंवा हसण्यावारी नेणं. हसण्यावारी नेलं तर तिला तसंच जाऊ द्या, तो तिचा नकाराचा मार्ग आहे. चिडली, ‘सगळ्यांना सांगते’ म्हणाली, तर वाद घालू नका. त्या रात्री दुसऱ्या टप्प्यात हेरलेल्या जागी जा. बहुतेक राग दोन दिवसांत उतरतो, पण ते दोन दिवस एका खोलीत काढायचे नसतात.

‘हो.’ याची तयारी कोणीच केलेली नसते. पहिल्या आठवड्यात दोघींनी दोनच गोष्टी ठरवायच्या: कोणाला सांगायचं (एकीने ‘नको’ म्हटलं तर कोणालाच नाही) आणि खोलीत कसं वागायचं. अचानक बदललेलं वागणं सगळ्यात आधी मीनलच्या लक्षात येतं. फोटो आणि मेसेज यांत जुनीच पद्धत ठेवा. कपड्यांशिवायचे फोटो एकमेकींनाही पाठवू नका, विश्वास आहे म्हणूनसुद्धा नाही. फोन चोरीला जातो, दुरुस्तीला जातो, धाकट्या भावाच्या हातात जातो.

## ७. नंतरचे पंधरा दिवस

नकारानंतर मैत्री तुटते ती बहुधा नकारामुळे नाही, तर नंतरच्या वागण्यामुळे. एक तर माणूस एकदम दूर होतं, किंवा काही झालंच नाही असं दाखवायला दुप्पट गोड वागतं. दोन्हींत समोरचीला अपराधी वाटतं. ठरलेल्या गोष्टी ठरल्याप्रमाणे चालू ठेवा: सोबत मेसला जाणं, नोट्स वाटून घेणं. स्पर्शाच्या सवयी मात्र स्वतःहून थांबवा आणि सुरुवात तिला करू द्या. दुसऱ्या आठवड्यात चार-पाच दिवस गावी किंवा दुसऱ्या मैत्रिणीकडे जाता आलं तर दोघींनाही श्वास घेता येतो.

पंधरा दिवसांनीही एका खोलीत झोप लागत नसेल, अभ्यास होत नसेल, तर खोली बदला. अभ्यासिकेच्या जवळची जागा मिळाली, एवढं कारण सगळ्यांना पुरतं.

## ८. गोष्ट फुटली तर

कोणी धमकी दिली तर. ‘पैसे दे, नाहीतर घरी सांगतो’ ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. एकदा पैसे दिले की मागणी परत येते, म्हणून पहिलाच हप्ता देऊ नका. मेसेज डिलीट करू नका, नंबर आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. फोटो पसरवण्याची धमकी असेल तर cybercrime.gov.in वर तक्रार करता येते. मुलांच्या बाबतीत डेटिंग अ‍ॅपवर ओळख काढून भेटायला बोलवायचं आणि लुटायचं, हा प्रकार ठरलेला आहे. मित्राच्या मनातलं कळत नाही म्हणून आधी अ‍ॅपवर ‘अनुभव’ घ्यायला जाणारे त्यात सापडतात. तसं करूच नका.

घरच्यांना कळलं तर. पहिला फोन बहुधा ‘आजी आजारी आहे, लगेच ये’ असा येतो. निघण्याआधी दुसऱ्या नातेवाइकाकडून खातरजमा करा. जायचंच असेल तर परतीची तारीख एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा, आणि कागदपत्रं सोबत नेऊ नका. घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली तर पोलीस फोन करतात. अशा वेळी फोन बंद करून लपण्याने गोष्ट चिघळते. ठाण्यात जाऊन ‘मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने इथे राहते’ असा लेखी जबाब द्या आणि त्याची प्रत मागून घ्या. सज्ञान व्यक्तीला तिच्या मर्जीविरुद्ध घरच्यांच्या ताब्यात देता येत नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवू जी. नायर खटल्यात याबाबत न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत. कोंडून ठेवलं किंवा मारहाण झाली तर ११२, आणि मुलींसाठी १८१.

ऋतुजाचं नाव. चौकशी कोणीही करो, घरचे, काकू किंवा मीनल, तुम्ही फक्त स्वतःबद्दल बोला. ‘तिला काय वाटतं?’ याचं उत्तर ‘ते तिला माहीत’ एवढंच. तिचा होकार असो वा नकार, तो तुमच्या तोंडून बाहेर जाता कामा नये.